हिरव्याचा अर्थ दर सोमवारी तोच

सप्टेंबर २००६ मध्ये ॲलन मुलाली बोइंग सोडून फोर्ड मोटर कंपनीचे प्रमुख झाले. आल्या आल्या त्यांनी दर गुरुवारी वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपापल्या विभागाचे तक्ते आणायचे आणि कामासमोर रंग लावायचा. काम ठरल्याप्रमाणे चालू असेल तर हिरवा, अडचण दिसत असेल तर पिवळा, बिघडलं असेल तर लाल. सुरुवातीचे काही आठवडे तक्ते सगळे हिरवेगार आले. त्याच वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. सगळं एवढं छान चाललंय तर पैसे जातात कुठे, असं मुलालींनी विचारलं. त्यानंतर मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने पहिला लाल तक्ता आणला. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात ‘एज’ गाडीच्या मागच्या दरवाजाची अडचण निघाली होती आणि गाडी बाजारात आणणं त्यांनी थांबवलं होतं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी मदत देऊ केली आणि पुढच्या बैठकांत हळूहळू खरे रंग येऊ लागले.

ही घटना लोक फील्ड्स यांच्या धैर्यासाठी सांगतात, आणि ते धैर्य होतंच. पण प्रत्येक प्रकल्पाला असा अधिकारी आणि असा वरिष्ठ कुठून मिळणार? रंग कोणता लावायचा हे ज्याच्यात्याच्या मनावर सोडलं, की घाबरट माणसाचा हिरवा आणि सरळ माणसाचा पिवळा एकाच परिस्थितीसाठी लागतो. वाचणाऱ्याला मग कामाऐवजी माणसाचा स्वभाव कळतो. प्रकल्पांच्या जगात अशा अहवालाला ‘कलिंगड’ म्हणतात, वरून हिरवा आणि आतून लाल. त्यावर माझ्या मते एकच उपाय टिकतो. रंग कोणी ‘द्यायचा’ नाही, तारखांमधून तो आपोआप निघाला पाहिजे.

हे कसं करायचं ते एका कल्पित पण ओळखीच्या कामावर पाहू. समजा, चौदा शाखांच्या एका पतसंस्थेला जुनी संगणक प्रणाली टाकून नवी आणायची आहे. नवं आर्थिक वर्ष नव्या प्रणालीवर सुरू करायचं, म्हणजे १ एप्रिल ही शेवटची तारीख. त्याआधीचं सगळ्यात अवघड काम म्हणजे जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत नेणं. संचालक मंडळाने मंजूर केलेल्या वेळापत्रकात ते १० फेब्रुवारीला संपायचं आहे. पुढची चाचणी १७ मार्चपर्यंत चालेल. त्यानंतर १ एप्रिलपर्यंत चौदा दिवस मोकळे राहतात.

सगळे रंग या चौदा दिवसांवरून ठरवायचे. माहिती नेण्याच्या कामाला चार दिवसांपर्यंत उशीर झाला, तर मोकळ्या दिवसांतले थोडेच खर्च होतात. हा हिरवा. प्रकल्पप्रमुख तेवढं स्वतः निस्तरेल, वर कोणाला सांगायची गरज नाही. पाच ते चौदा दिवसांचा उशीर म्हणजे पिवळा. १ एप्रिल अजून हातात आहे, पण गादी संपत चालली आहे, म्हणून भरून काढण्याचा उपाय, तो करणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच ओळीत लिहायची. चौदाच्या वर गेलं की लाल. आता आहे त्या माणसांत आणि पैशांत १ एप्रिल गाठता येत नाही. संचालक मंडळाने पैसे द्यावेत, माणसं द्यावीत किंवा तारीख हलवावी.

प्रत्येक रंगाबरोबर पुढचं पाऊल कोणाचं हेही ठरलं आहे. ‘पिवळा म्हणजे थोडी काळजी’ अशी व्याख्या केली, तर दोन माणसांची थोडी काळजी कधीच सारखी भरत नाही. हा चार-चौदाचा आकडा मात्र दुसऱ्या प्रकल्पावर जसाच्या तसा उचलून ठेवू नये. ज्या कामाला दोनच मोकळे दिवस आहेत, तिथे तिसऱ्या दिवशी लाल लागला पाहिजे. सगळ्या कामांना ‘दहा टक्के उशीर म्हणजे पिवळा’ असा सरसकट नियम लावणाऱ्या संस्था इथेच फसतात. दोन वर्षांच्या कामाचे दहा टक्के म्हणजे अडीच महिने होतात.

आता तुलना कशाची कशाशी करायची? मंजूर तारीख आणि आजच्या अंदाजाने काम संपेल ती तारीख, या दोन्हींचीच. ‘किती टक्के झालं’ हा प्रश्न टाळावा. माहिती नेण्याचं काम नव्वद टक्के झालं, असं आठवड्यामागून आठवडे ऐकायला मिळतं, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत संयुक्त नावांची, वारसदारांची, अर्धवट कागदपत्रांची खाती असतात आणि सगळा वेळ तीच खातात. ‘संपणार कधी?’ असं विचारलं की माणसाला उरलेल्या कामाचा हिशेब करावा लागतो.

तक्ता स्प्रेडशीटवर असेल, तर रंगाचं सूत्र सोपं आहे. A2 मध्ये मंजूर तारीख, B2 मध्ये अंदाजाची तारीख, आणि G, A, R ही अक्षरं हिरवा, पिवळा, लाल यांसाठी.

```
=IF(B2-A2<=4,"G",IF(B2-A2<=14,"A","R"))
```

हे सूत्र बरोबर दिसतं आणि तरी फसवतं. B2 रिकामा ठेवा, म्हणजे अंदाज कोणी भरलाच नाही असं समजा. रिकाम्या खान्याला स्प्रेडशीट शून्य मानतं, वजाबाकी मोठी ऋण संख्या देते, ती चारपेक्षा कमीच असते आणि रंग लागतो हिरवा. माहिती न देणाऱ्याला सगळ्यात चांगला रंग! दुसरा सापळा जुन्या अंदाजाचा. समजा अंदाजात १३ फेब्रुवारी लिहिलं आहे, आज २० तारीख आहे आणि काम संपलेलं नाही. सूत्र अजूनही तीनच दिवसांचा उशीर मोजतं आणि हिरवाच दाखवतं. न संपलेल्या कामाचा अंदाज आजच्या आधीचा असूच शकत नाही. म्हणून दुरुस्ती अशी:

```
=IF(OR(A2="",B2=""),"?",IF(MAX(B2,TODAY())-A2<=4,"G",IF(MAX(B2,TODAY())-A2<=14,"A","R")))
```

हे सूत्र फक्त चालू कामांना लावायचं. संपलेलं काम त्याच्या खऱ्या तारखेनिशी वेगळ्या यादीत न्यायचं. ‘?’ आलेली ओळ करड्या रंगात दाखवायची आणि बैठकीत सगळ्यात आधी तीच घ्यायची. रंगासोबत अक्षर ठेवण्याचं कारणही साधं आहे. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं बऱ्याच कार्यालयांत असतात, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तर तो कोणालाच दिसत नाही.

आपल्या पतसंस्थेत हा अहवाल दर सोमवारी निघतो. २० जानेवारीच्या अहवालात अंदाज १३ फेब्रुवारी होता. उशीर तीन दिवस, हिरवा. त्या आठवड्यात तीन शाखांची माहिती चाचणी म्हणून नेली, तेव्हा संयुक्त खात्यांतली दुसरी नावं गळत असल्याचं लक्षात आलं. २७ तारखेला अंदाज १९ फेब्रुवारीवर गेला. उशीर नऊ दिवस, पिवळा. मुख्य शाखेतले दोन कारकून नावं तपासायला बसवायचे आणि पुढच्या सोमवारपर्यंत उशीर सहा दिवसांवर आणायचा, असा उपाय लिहिला गेला. ३ फेब्रुवारीला अंदाज आला २१ तारीख. उशीर आता अकरा दिवसांचा.

नुसत्या आकड्यांनी पाहिलं तर अकरा दिवस म्हणजे पिवळाच. पण इथे मला अतिशय आवश्यक वाटणारा नियम लागू होतो. पिवळा लागल्यावर पुढच्या अहवालात उशीर कमी झाला नाही, तर तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता लाल. हे सूत्रात बसवायला मागच्या आठवड्याचा रकाना लागतो. तोपर्यंत अहवाल काढणाऱ्याने हाताने केलं तरी चालेल, फक्त दर वेळी करायचं. पिवळ्याला मुदत नसेल तर सगळे प्रकल्प पिवळ्यात जाऊन मुक्काम करतात. तो रंग सगळ्यांना सोयीचा असतो, लपवल्याचा आरोप येत नाही आणि वरिष्ठांचा प्रश्नही येत नाही.

पतसंस्थेत त्यामुळे ३ फेब्रुवारीला लाल लागला आणि १ एप्रिलला अजून आठ आठवडे होते. मंडळापुढे खरे पर्याय होते. बाहेरून माणसं घेऊन तपासणी वाढवायची, किंवा १ एप्रिलला आठच शाखा सुरू करून उरलेल्या सहा नंतर घ्यायच्या. हाच लाल मार्चच्या मध्यावर लागला असता, तर नवी माणसं शिकवण्यातच महिना संपला असता. लालवरून परत हिरव्यावर यायचं तर एक पायरी हवी. अंदाज सुधारला एवढं पुरत नाही. चाचणीत एका शाखेची सगळी खाती जुन्या शिलकेशी रुपया-पैशाला जुळली, असं काही हातात दाखवता आलं पाहिजे.

प्रकल्पाच्या एकूण रंगाबाबत बऱ्याच ठिकाणी सरासरी काढतात. वेळापत्रक लाल, खर्च हिरवा, प्रशिक्षण हिरवं, म्हणून एकूण पिवळा किंवा हिरवा. ही पद्धत सोडून द्यावी. एकूण रंग हा सगळ्यात वाईट ओळीचा रंग. याला एक मर्यादा आहे. साठ ओळींच्या तक्त्यात कुठलीतरी एक ओळ कायमच लाल असते, मग एकूण रंगही कायम लाल राहतो आणि लोक पाहणं सोडतात. म्हणून एकूण रंगासाठी फक्त शेवटच्या तारखेला, मंजूर खर्चाला किंवा खातेदारांच्या पैशाला धक्का लावू शकतील अशाच ओळी मोजाव्यात. कोणत्या, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवावं.

या नियमांनी खोटी तारीख लिहिणारा थांबत नाही. तो ओळखता मात्र येतो. प्रत्येक सोमवारचा अंदाज पुसून नवा लिहू नका, शेजारी ठेवत जा. खरं काम करणाऱ्याचा अंदाज दोन-तीन दिवसांनी मागे-पुढे होतो. एखादी ओळ सहा आठवडे १० फेब्रुवारीवर अढळ राहते आणि ९ तारखेला एकदम महिनाभर पुढे उडी मारते, तेव्हा आधीचा अंदाज कोणी केलेलाच नव्हता हे दिसतं.

सगळ्यात मोठी पळवाट मंजूर तारखेची आहे. A2 बदलला की लाल क्षणात हिरवा होतो. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या कल्याणकारी योजनेच्या प्रकल्पाला मे २०१४ च्या सरकारी अहवालात ठरलेल्या रंगांपैकी एकही दिला गेला नाही. त्याच्यासमोर ‘रीसेट’ असं लिहिलं होतं. योजना नव्याने आखणं कधीकधी रास्तच असतं, पण वाचणाऱ्याला मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही. पतसंस्थेच्या मंडळाने सहा शाखांना १ जूनची तारीख दिली, तर त्या सोमवारपासून त्यांचा रंग १ जूनवरून मोजणं योग्य आहे. त्यासाठी मंडळाच्या ठरावाची तारीख तक्त्यावर लिहावी, आणि ‘मूळ तारीख’ या वेगळ्या रकान्यात १ एप्रिल शेवटपर्यंत तशीच राहू द्यावी. चार आणि चौदा हे आकडे बदलायचे झाले तरी तसंच. मागचे अहवालही नव्या आकड्यांनी पुन्हा रंगवून जुन्या रंगांशेजारी ठेवायचे, म्हणजे काम सुधारलं की नुसती पट्टी बदलली, हे बैठकीतल्या कोणालाही बघून सांगता येईल.