रंग डोळ्यात गेला की फुगा डोळ्यावर बसला?

मी डोळ्यांचा डॉक्टर. धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंत माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट येतात, आणि दोघांचा पहिला उपाय एकच नाही. आज तेवढंच बोलू.

पहिला प्रकार, रंग डोळ्यात गेला. कोरड्या रंगातले बारीक कण बुबुळावर ओरखडे पाडतात, आणि रंगात चुन्यासारखं काही असेल तर डोळा भाजतो. त्यामुळे डोळा चोळायचा नाही, लगेच धुवायचा. आधी डोळे मिटून भुवया आणि गालांवरची पावडर झटका. मग मान त्या डोळ्याच्या बाजूला कलती करा, म्हणजे रंगीत पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. नळाची बारीक धार किंवा तांब्यातलं स्वच्छ पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातून सोडा. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवा, कारण कण पापणीखाली लपतात. हे सलग पंधरा ते वीस मिनिटं करायचं. दोन हबके मारून भागत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा. गुलाबपाणी नको, घरात उरलेले ड्रॉप्सही नकोत.

धुतल्यावर थोडी चुरचुर आणि लाली राहते, पण ती तासागणिक कमी व्हायला हवी. एक डोळा झाकून दुसऱ्याने मोबाईलवरचा मेसेज वाचा, मग उलट करा. रंग गेलेल्या डोळ्याने धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, उघडझाप करताना खडा टोचल्यासारखं वाटत असेल किंवा दुखणं वाढत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. आम्ही डोळ्यात एक रंगद्रव्य घालून निळ्या उजेडात बघतो, ओरखडा हिरवा चमकतो. रंगात चुना असल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न बघता, धुऊन थेट दवाखाना गाठा.

दुसरा प्रकार, फुगा. मागच्या वर्षी कॉलेजचा एक मुलगा आला. गच्चीवरून आलेला फुगा थेट डोळ्यावर बसला होता. तो म्हणाला, "सर, तासाभरात दुखायचं थांबलं, म्हणून झोपलो." सकाळी धूसर दिसायला लागलं. तपासलं तर बुबुळाच्या खालच्या कडेला रक्ताचा थर साचलेला, आणि डोळ्यातला दाब वाढलेला. अशा वेळी पुढच्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्याला उशी उंच ठेवून आराम, औषधाचे थेंब आणि रोज दाब तपासणी असं सांभाळलं. नजर वाचली.

म्हणून फुगा लागला तर डोळा दाबू नका, चोळू नका. फुटल्याची शंका असेल तर धुऊही नका. वर कागदी कप उपडा धरा आणि निघा. दुखलं नाही तरी त्याच दिवशी तपासा. नंतरच्या आठवड्यांत काळे ठिपके, चमक किंवा पडदा आल्यासारखं दिसलं, तर पडदा फाटल्याची शक्यता असते. तेव्हाही लगेच या.