घंटागाडीचा खर्च कुठे कमी करायचा?

कचरा संकलनाचं बिल फुगलं की नगरपरिषदेच्या सभेपुढे तीन पर्याय येतात. शुल्क वाढवलं तर वसुली रखडते. घंटागाडी एक दिवसाआड पाठवली तर डिझेल वाचतं, पण ओला कचरा कुजून रस्त्यावर येतो. तिसरा पर्याय ठेका बदलण्याचा. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर भिजलेला, मिश्र कचरा त्याच्या फायद्याचा ठरतो. पावसाळ्यात काट्यावरचं वजन एकदम वाढलं, तर आपण पाण्याचेही पैसे मोजतो आहोत, हे ओळखावं. म्हणून दर घरामागे ठरवावा आणि ओला-सुका कचरा वेगळा न उचलल्यास बिलातून कपात करावी. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरांकडूनच थेट शुल्क घेते. नगरसेवकांनी नवा ठेका मंजूर करण्याआधी देयकाचं कलम वाचावं.