लाळग्रंथीतली चंद्रकोर

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या प्रात्यक्षिकाला लाळग्रंथीची स्लाइड ठेवलेली असतेच. काचेवर नाव नसतं. मायक्रोस्कोपमध्ये डोकावून सांगायचं की ही कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर की जिभेखालची सबलिंग्वल. या मोठ्या ग्रंथींची प्रत्येकी एक जोडी आपल्याला असते आणि दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळेतला बहुतेक वाटा त्यांचाच असतो. तिन्ही ग्रंथी लाळच बनवतात, पण एकसारखी नाही. ती कशी वेगळी, हे पेशींकडे पाहूनच कळतं.

स्लाइडवरचा तुकडा साधारण पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. तो फॉर्मलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, पातळ कापून दोन रंगांनी रंगवलेला असतो. हिमॅटॉक्सिलीन जांभळा-निळा रंग देतं, इओसिन गुलाबी. कमी भिंगातून पाहिलं तर ग्रंथी द्राक्षाच्या घडासारखी बांधलेली दिसते: टोकाला लाळ बनवणाऱ्या पेशींचे गोल पुंजके, आणि ती वाहून नेणाऱ्या नळ्या म्हणजे त्यांचे देठ. या पुंजक्याला अॅसिनस म्हणतात.

मोठं भिंग लावलं की अॅसिनसचे दोन प्रकार वेगळे होतात. सीरस अॅसिनस गडद दिसतो. त्याच्या पेशी बुडाशी रुंद, आतल्या बाजूला निमुळत्या, आणि केंद्रक गोल, बुडाच्या जवळ. मधली पोकळी इतकी अरुंद की पुष्कळदा दिसतही नाही. या पेशी पातळ लाळ आणि अमायलेज हे पिष्टमय पदार्थ फोडणारं एन्झाइम बनवतात. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन घडवणारे रायबोसोम बुडाशी दाटीनं असतात. ते हिमॅटॉक्सिलीन धरून ठेवतात, म्हणून बूड निळसर. तयार माल वरच्या टोकाला कणांच्या रूपानं साठतो आणि इओसिननं गुलाबी होतो. एकाच पेशीत बुडाला निळं, टोकाला गुलाबी दिसलं की सीरस म्हणायला हरकत नाही.

म्युकस अॅसिनस फिकट, फेसाळ, जवळजवळ रिकामा वाटतो. खरं तर तो भरलेला असतो, म्युसिन या चिकट, साखरयुक्त प्रथिनानं. पण हे दोन नेहमीचे रंग म्युसिनला नीट लागत नाहीत आणि स्लाइड बनवताना त्यातलं बरंचसं निघूनही जातं. साठ्याच्या दाबानं केंद्रक चपटं होऊन बुडाला टेकलेलं असतं. पोकळी मात्र ऐसपैस. शंका राहिलीच तर पीएएस नावाचा रंग वापरतात. म्युसिन भडक किरमिजी होतं.

आता चंद्रकोर. मिश्र ग्रंथीत म्युकस अॅसिनसच्या टोकाला काही सीरस पेशी टोपीसारख्या बसलेल्या दिसतात, फिकट गोलाला गडद कोर. इटालियन शास्त्रज्ञ जियानुझी यांनी 1865 मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती वहीत काढली, गुण मिळवले. परंतु प्रश्न राहतोच. या पेशी पोकळीपासून इतक्या लांब ढकललेल्या असतील तर त्यांचा स्राव आत पोचतो कसा? उत्तर होतं पेशींमधल्या बारीक फटींचं, आणि ते बराच काळ पुरेसं वाटलं.

मग ऊतीचा तुकडा रसायनात मुरवण्याऐवजी क्षणार्धात गोठवून पाहण्याचं तंत्र आलं. अशा तुकड्यात चंद्रकोर दिसली नाही! सीरस पेशी म्युकस पेशींच्या रांगेतच, पोकळीला लागून उभ्या होत्या. नेहमीच्या पद्धतीत रसायन हळूहळू आत शिरतं. तोवर म्युसिन पाणी शोषून फुगतं, म्युकस पेशी पसरतात आणि शेजारच्या सीरस पेशींना बाहेर रेटतात. म्हणजे आपण पाहतो ती कोर बऱ्याच अंशी तुकडा जतन करण्याच्या पद्धतीतून घडलेली आहे. गंमत अशी की ओळखीची खूण म्हणून ती आजही तितकीच कामाची आहे. नेहमीच्या स्लाइडवर कोर दिसली की इथे दोन्ही प्रकारच्या पेशी आहेत, एवढं नक्की.

नळ्यांकडे विद्यार्थी फारसं बघत नाहीत, आणि तिथेच फसतात. अॅसिनसमधून निघणारी पहिली नळी इंटरकॅलेटेड डक्ट. ती अॅसिनसपेक्षाही बारीक, बुटक्या पेशींची. तिच्यापुढची स्ट्रायेटेड डक्ट मात्र खरी कामकरी. तिच्या उंच पेशी ठळक गुलाबी असतात आणि बुडाशी उभ्या रेघा दिसतात. तिथे पेशीचं आवरण आत दुमडलेलं असतं आणि दुमडींमध्ये मायटोकाँड्रिया उभे रचलेले असतात. इतकी ऊर्जा लागते ती मीठ परत ओढायला. अॅसिनसमधून निघालेली लाळ रक्तातल्या द्रवाइतकी खारट असते. ही नळी त्यातलं सोडियम आणि क्लोराइड काढून घेते, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट आत सोडते. पाणी मात्र तिच्या भिंतीतून सहज परतत नाही, म्हणून तोंडात येणारी लाळ रक्तापेक्षा पुष्कळ अळणी असते. चिंच पाहून लाळ भसाभसा सुटली की नळीला तेवढा वेळ मिळत नाही आणि लाळेत सोडियम जास्त उरतं. यापुढच्या मोठ्या एक्सक्रिटरी नळ्या मुख्यतः वाहतुकीच्या.

हे सगळं घेऊन त्या बिननावाच्या स्लाइडकडे वळू. सगळे अॅसिनस गडद, मधूनमधून चरबीच्या पांढऱ्या पोकळ पेशी, आणि इंटरकॅलेटेड नळ्या लांब, म्हणून जागोजागी कापलेल्या: पॅरोटिड. बहुतांश गडद, अधूनमधून फिकट गोल आणि त्यांवर कोर, शिवाय स्ट्रायेटेड नळ्या भरपूर: सबमँडिब्युलर. फिकटाचंच राज्य आणि स्ट्रायेटेड नळ्या शोधूनही सापडेनात: सबलिंग्वल. चूक होते ती घाईनं. सबमँडिब्युलरमध्ये एखादा भाग निव्वळ सीरस असतो. भिंग तिथेच रोखलं तर माणूस बेधडक पॅरोटिड लिहून मोकळा होतो. काच इकडेतिकडे सरकवून दोन-चार ठिकाणी पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये.

पेशींचा हा फरक दवाखान्यातही भेटतो. लाळग्रंथीत खडा होतो तेव्हा दहापैकी सुमारे आठ वेळा तो सबमँडिब्युलरमध्येच असतो. तिची लाळ म्युसिनमुळे पॅरोटिडपेक्षा दाट, कॅल्शियमही जास्त, आणि सुमारे पाच सेंटिमीटरची नळी खालून वर चढत जिभेच्या तळाशी उघडते. अशा रुग्णाची तक्रार ठरलेली: जेवायला बसलं की जबड्याखाली गाठ फुगते, दुखते, आणि जेवणानंतर तासा-दोन तासांत ओसरते. ग्रंथी लाळ बनवत राहते, वाट बंद असते. अडथळा फार दिवस राहिला तर अॅसिनस झिजत जातात, त्यांची जागा तंतुमय ऊती घेते, आणि स्लाइडवर शेवटी नळ्याच तेवढ्या ठळक उरतात.