तुंबलंय कुठे, ते चेंबर सांगतं

सोसायटीत तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं वर आलं की प्लंबरला बोलावतात. तो आल्या आल्या विचारतो, "चेंबर कुठे आहेत?" पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. एखादं चेंबर पेव्हर ब्लॉकखाली गेलेलं असतं, एखाद्यावर कुंड्यांची रांग असते, आणि एखादं मुळात बांधलेलंच नसतं. मग अंदाजाने फरशी फोडायला सुरुवात होते.

इमारतीची सांडपाण्याची लाइन जमिनीखाली असते. ती डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते ती फक्त चेंबरमध्ये. म्हणून चेंबरच्या जागा ठरवताना एकच गोष्ट पाहायची: लाइनमध्ये अडथळा कुठेही झाला, तरी जमिनीवर उभं राहून तिथपर्यंत रॉड पोहोचला पाहिजे. रॉड सरळ पाइपातून लांबवर जातो, काटकोनात मात्र अडतो. यावरून नियम निघतो तो असा, की दोन चेंबरमधला पाइप सरळ आणि एकाच ढाळाचा असावा. लाइन वळते तिथे चेंबर हवं. दुसरी लाइन येऊन मिळते, ढाळ बदलतो किंवा पाइपाचा व्यास बदलतो तिथेही हवं. इमारतीतून उतरणारा उभा पाइप बाहेर पडतो तिथे एक हवं, आणि लाइन कंपाउंडबाहेर जाण्याआधी शेवटचं एक. यांतलं काहीच नसेल, लाइन नुसती सरळ जात असेल, तरी साधारण 30 मीटरच्या आत पुढचं चेंबर यायला हवं. दोन्ही टोकांकडून रॉड घातला तर प्रत्येक बाजूने 15 मीटर जावं लागतं. त्यापुढे रॉड पाइपाला घासत, वाकत जातो आणि हाताचा जोर टोकापर्यंत पोहोचत नाही.

एक चार मजली इमारत घेऊ. लाइन 150 मिलिमीटर व्यासाची. मागच्या भिंतीलगत 18 मीटर, मग वळून बाजूने 24 मीटर, पुढच्या कोपऱ्यात पुन्हा वळून फाटकापर्यंत 6 मीटर, अशी एकूण 48 मीटर. मागच्या बाजूला संडासांचे दोन उभे पाइप उतरतात, त्यांच्या पायथ्याशी चेंबर एक आणि दोन. मागच्या कोपऱ्यात तिसरं. बाजूच्या लाइनच्या मध्यावर स्वयंपाकघरांचं पाणी गली ट्रॅपमधून येऊन मिळतं, तिथे चौथं. पुढच्या कोपऱ्यात पाचवं आणि फाटकाशी सहावं. या व्यासाला साधारण शंभरास एक ढाळ देतात, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. पहिल्या चेंबरात पाइपाचा तळ 45 सेंटिमीटर खोल असेल आणि जमीन सपाट असेल, तर सहाव्यात तो 93 सेंटिमीटरवर जातो. रस्त्यातली महापालिकेची लाइन याहून खाली आहे ना, हे खोदाई सुरू करण्याआधीच पाहून घ्यायचं असतं.

आता तळमजल्यावर पाणी वर आलं आहे. फाटकाकडून एकेक झाकण उघडत मागे जायचं. सहावं कोरडं, पाचवं कोरडं, चौथं काठोकाठ भरलेलं. म्हणजे अडथळा चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या 12 मीटरमध्ये आहे. 48 मीटरची शंका झाकणं उघडल्यावर एवढ्यावर आली. जागाही पटण्यासारखी आहे. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी जिथे मिळतं, त्याच्या पुढेच तेल थंड होऊन पाइपाला चिकटतं आणि त्यावर बाकीचा गाळ धरतो. सगळीच चेंबर भरलेली असतील, सहावंसुद्धा, तर दोष बहुधा कंपाउंडबाहेर आहे आणि महापालिकेकडे तक्रार करायला हवी. सगळी कोरडी असून एकाच घरात पाणी चढत असेल, तर अडथळा त्या घराच्या किंवा उभ्या पाइपाच्या लाइनमध्ये आहे.

रॉड शक्यतो कोरड्या चेंबरकडून घालावा, कारण तिथे पाइपाचं तोंड दिसतं. एकमेकांत आट्यांनी बसणारे रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचे. उलटे फिरवले की आटे सुटतात, पुढचा तुकडा आत राहतो आणि तोच नवा अडथळा होतो. पाणी एकदम सुटतं, म्हणून बाजूला उभं राहायचं. पाचव्यातून पुढे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाळी धरायची, नाहीतर सुटलेला गोळा पुढे जाऊन अडकतो. हे सगळं वरून करायचं काम आहे. चेंबर खोल असेल तर आत विषारी वायू साठलेला असू शकतो. अशा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे यंत्राची गाडीच बोलवावी.

चेंबरची जागा बरोबर असली तरी तळ चुकला तर तेच चेंबर तुंबण्याचं कारण होतं. गवंडी कधी कधी तळ सपाट ठेवतो किंवा पाइपाच्या खाली नेतो. मग प्रत्येक वेळी थोडा मैला तिथेच बसतो. तळात पाइपाच्याच व्यासाची अर्धगोल नाळ हवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत उतार, म्हणजे वर चढलेलं पाणी पुन्हा नाळेतच उतरतं. बाजूने येणारी लाइन प्रवाहाच्या दिशेला वळवून सोडावी, समोरच्या भिंतीवर आदळेल अशी नको.

जिथे चेंबर बांधताच येत नाही, तिथे क्लीनआउट लागतं. पार्किंगच्या छताला टांगलेली आडवी लाइन हे नेहमीचं उदाहरण. उभा पाइप जिथे आडवा होतो तिथे झाकणाचा डोअर बेंड बसवतात, आणि आडव्या लाइनच्या वरच्या टोकाला व वळणांवर वाय जोडून त्याच्या तोंडाला आट्यांचं बूच लावतात. वाय का, तर त्यातून घातलेला रॉड तिरपा उतरून प्रवाहाच्या दिशेने सरकतो. काटकोनी टीमध्ये तो समोरच्या भिंतीवर अडतो. बुचासमोर माणूस आणि रॉड दोन्ही मावतील अशी मोकळी जागा सोडावी लागते. पुढे तिथे फॉल्स सीलिंग किंवा कपाट आलं, तर क्लीनआउट असून नसल्यासारखं होतं. तुंबलेल्या लाइनचं बूच एकदम काढू नये. दोन आटे सैल करून पाणी झिरपतंय का पाहावं, खाली पिंप ठेवावं आणि मगच उघडावं.

एकच टप्पा काही महिन्यांनी पुन्हा तुंबला, तर नुसतं रॉड मारून भागणार नाही. लाइन साफ झाल्यावर एका चेंबरमधून बॅटरीचा झोत पाइपात सोडायचा आणि पुढच्या चेंबरमध्ये आरसा तिरपा धरून पाहायचं. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर आरशात प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. खालचा भाग झाकलेला दिसला आणि त्यात पाणी चमकलं, तर मध्ये पाइप खचला आहे. एका बाजूने कापलेलं वर्तुळ सांधा सरकल्याचं किंवा आत मूळ शिरल्याचं दाखवतं. मग तेवढाच भाग खोदून बदलायचा.

आवारात नवी फरशी बसवताना कंत्राटदाराला एक अट लेखी घालावी: प्रत्येक झाकण नव्या पातळीला वर आणायचं, एकही झाकायचं नाही. फरशी एकसारखी दिसायला हवी असेल तर वर फरशी बसेल अशी खोलगट झाकणं मिळतात. जोडीला लाइनचा नकाशा करून ठेवावा. प्रत्येक चेंबरचं इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर आणि पाइपाची खोली त्यावर लिहावी. त्याची एक प्रत कार्यालयात आणि एक पंपाच्या खोलीत लावावी, म्हणजे रात्री-अपरात्री प्लंबर आला तरी चौथं झाकण कुठे आहे ते वॉचमनलाही दाखवता येईल.