चॅनल गेले, मजकूरही गेला

डिस्कॉर्डवर चॅनलच्या नावावर उजवी क्लिक करून `Delete Channel` निवडले की एक छोटी चौकट उघडते. आता माघार नाही, हे ती स्पष्ट सांगते आणि पुन्हा एकदा होकार मागते. अख्खा सर्व्हर काढून टाकायचा असेल तर त्याचे नाव टाइप करावे लागते. चॅनलच्या बाबतीत तेवढीही आडकाठी नाही. दुसऱ्या क्लिकनंतर त्यातले सगळे संदेश, पिन करून ठेवलेल्या सूचना आणि आतले थ्रेड सर्व सदस्यांच्या पडद्यावरून एकदमच जातात.

त्यानंतर बहुतेक सर्व्हरमालक एकच प्रश्न विचारतात: कंपनीकडे तर सगळे साठवलेले असणार, मग तिथून काढून देता येणार नाही का? उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण कळायचे तर संदेश कसे साठवले जातात, ते पाहावे लागते.

ही रचना डिस्कॉर्डच्या अभियंत्यांनी स्वतःच जाहीर लिहिली आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या या सेवेने संदेशांसाठी आधी मोंगोडीबी, मग कॅसँड्रा आणि 2022 मध्ये सिलाडीबी हा डेटाबेस घेतला. डेटाबेस बदलले, पण कॅसँड्राच्या वेळी बसवलेली मांडणी पुढेही टिकली. प्रत्येक संदेश तीन गोष्टींवरून सापडतो: चॅनलचा क्रमांक, साधारण दहा दिवसांचा एक कप्पा आणि संदेशाचा स्वतःचा क्रमांक. यात पहिला मान चॅनलच्या क्रमांकाचा. एखादा संदेश वाचायची परवानगी कोणाला आहे, हेसुद्धा सर्व्हर आणि चॅनल यांवरूनच ठरते. चॅनल काढले की ज्या क्रमांकावरून संदेश शोधायचे आणि परवानगी तपासायची, तोच बाद होतो. त्या क्रमांकाने एखाद्या प्रोग्रामने विचारणा केली, तर एवढेच उत्तर येते:

```
{"message": "Unknown Channel", "code": 10003}
```

प्रोग्रामरांसाठीच्या अधिकृत कागदपत्रांतही सर्व्हरमधले चॅनल काढण्याची क्रिया उलटवणे अशक्य आहे, असा इशारा दिलेला आहे. काढण्याची आज्ञा आहे, परत आणण्याची आज्ञाच बनवलेली नाही. ‘रिसायकल बिन’सारखी मधली जागाही नाही.

डिलीट करणे म्हणजे डेटाबेसमध्ये नेमके काय होते, हे दाखवणारा एक खरा किस्सा डिस्कॉर्डने 2017 मध्ये प्रसिद्ध केला. ‘पझल अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या चाहत्यांचा एक सार्वजनिक सर्व्हर होता. तिथल्या एका चॅनलमध्ये फक्त एकच संदेश उरला होता, तरी ते उघडायला वीस सेकंद लागत होती आणि यंत्रणा मध्येच दहा-दहा सेकंद अडकत होती. शोध घेतल्यावर कळले, की त्या लोकांनी प्रोग्राम चालवून लाखो संदेश डिलीट केले होते. कॅसँड्रा डिलीट केलेली नोंद लगेच खोडत नाही. तिच्यावर ‘ही गेली’ अशी एक नवी खूण लिहिते. या खुणेला टूमस्टोन म्हणतात. तो एक संदेश शोधण्यासाठी यंत्रणेला अशा लाखो खुणा ओलांडाव्या लागत होत्या. खुणा ठेवण्याची मुदत तेव्हा दहा दिवस होती, ती अभियंत्यांनी दोनवर आणली.

आता इथेच कोणी म्हणेल, खूण असेपर्यंत मजकूर खाली असतोच ना? काही काळ असू शकतो. पण ही खूण सर्व यंत्रांना ‘हे गेले, पुन्हा दाखवू नका’ एवढेच कळवण्यासाठी असते. पुढच्या साफसफाईत खूण आणि तिच्याखालचा मजकूर दोन्ही निघून जातात. सर्व्हरमालकाला तिथवर पोहोचण्याचा कोणताच मार्ग नाही.

मग मॉडरेटरच्या हाती काय उरते? समजा, मध्यरात्री एका मॉडरेटरचे खाते चोरीला गेले आणि चोराने तीन चॅनल काढून टाकले. सकाळी मालक `Server Settings` मध्ये जाऊन `Audit Log` उघडतो. ज्याला `View Audit Log` ही परवानगी दिली आहे, त्यालाच ही वही दिसते. तिथे तीन नोंदी असतात: कोणत्या खात्याने, किती वाजता, कोणत्या नावाचे चॅनल काढले. नोंद उलगडली की चॅनलचा प्रकार आणि इतर तपशीलही दिसतो. हे काम एखाद्या बॉटने केले असेल तर बॉटचे नाव दिसते आणि तो सर्व्हरवर कोणी आणला याची वेगळी नोंदही सापडू शकते.

चॅनलच्या क्रमांकातूनही एक गोष्ट निघते. डिस्कॉर्डच्या प्रत्येक क्रमांकात तो जन्मला ती वेळ दडलेली असते, 2015 च्या पहिल्या क्षणापासून मोजलेली. कंपनीच्या कागदपत्रांतल्याच उदाहरणाचा हिशेब असा:

```
(175928847299117063 >> 22) + 1420070400000
= 1462015105796
```

हे मिलिसेकंद उलगडले की 30 एप्रिल 2016, भारतीय वेळेनुसार दुपारी 4 वाजून 48 मिनिटे ही वेळ मिळते. म्हणजे काढलेले चॅनल कधी सुरू झाले होते, हे त्याच्या क्रमांकावरून सांगता येते. त्यात कोण काय बोलले, हे मात्र नाही. ही वही कृतींची आहे, शब्दांची नाही. मॉडरेटरने दुसऱ्याचा एखादा संदेश काढला तरी कोणाचा, कुठला आणि किती एवढेच तिथे लिहिले जाते. सदस्याने स्वतःचा संदेश काढला तर तेवढेही नाही.

अनेक सर्व्हरवर डिलीट झालेले संदेश टिपणारे बॉट असतात, त्यांच्यावर फार भिस्त ठेवली जाते. वास्तविक संदेश डिलीट झाल्याची जी वर्दी बॉटला मिळते, तिच्यात संदेश, चॅनल आणि सर्व्हर यांचे क्रमांकच असतात. बॉट शब्द दाखवू शकतो, कारण संदेश आला तेव्हाच त्याने तो जपून ठेवलेला असतो. अख्खे चॅनल गेले तर वर्दी त्या चॅनलची येते. आतल्या हजारो संदेशांची एकेक वर्दी येत नाही. बॉटने आधी दुसऱ्या चॅनलमध्ये लिहिलेल्या नोंदी तेवढ्या शिल्लक राहतात.

त्याच नावाचे चॅनल पुन्हा काढले तरी त्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या संदेशांच्या लिंक निकामीच राहतात. सर्व्हरचा टेम्प्लेटही चॅनलची नावे, रोल आणि परवानग्या उतरवून घेतो, संदेश नाही.

चॅनल काढण्यामागे बहुधा आवराआवर हेच कारण असते. एका सर्व्हरवर 500 चॅनलची मर्यादा आहे, पण बहुतेक समूह तिच्या आसपासही नसतात. त्यांनी जुने चॅनल एका वेगळ्या गटात हलवावे आणि `@everyone` ची `View Channel` परवानगी बंद करावी. सदस्यांना ते दिसणार नाही आणि मजकूर जागेवर राहील. छळ किंवा धमकीची तक्रार असेल, तर आधी त्या संदेशाचा रिपोर्ट करावा आणि मगच काय काढायचे ते ठरवावे. `Manage Channels` हा अधिकार कोणाकोणाकडे आहे ते तपासून मॉडरेटरांना दुहेरी पडताळणी सक्तीची करावी, म्हणजे चोरलेल्या पासवर्डवर असे काही करता येणार नाही. आणि चॅनल गेलेच असेल, तर `Audit Log` मधल्या नोंदी त्याच दिवशी उतरवून घ्याव्यात. त्या 45 दिवसच टिकतात.