तीस की पस्तीस?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत हमखास भेटणारा एक प्रश्न आहे: ‘खालील आकृतीत एकूण किती त्रिकोण आहेत?’ मुलं पेन्सिलीचं टोक आकृतीवर फिरवत मोजू लागतात. आठ-नऊपर्यंत मोजणी नीट चालते. मग मघाशी धरलेला त्रिकोण पुन्हा धरला जातो किंवा एखादा सुटतो, आणि दुसऱ्यांदा मोजलं की उत्तर वेगळंच येतं. बोटाने मोजण्यात हा धोका कायम असतो, कारण आपण कुठवर आलो याची खूण कुठेच राहत नाही.

एक आकृती काढून पाहू. अबक हा मोठा त्रिकोण घ्या, त्यात अ हा वरचा शिरोबिंदू आणि बक हा पाया. पायावर डावीकडून उजवीकडे प, फ, भ, म असे चार बिंदू घेऊन ते अ-ला जोडा. आता त्रिकोणाचे उभे पाच भाग झाले. एकेका भागाचे त्रिकोण ५, शेजारचे दोन-दोन भाग मिळून ४, तीन-तीन मिळून ३, चार-चार मिळून २ आणि अख्खा त्रिकोण १. बेरीज १५. शिकवणीत हीच गोष्ट पायाच्या तुकड्यांखाली १, २, ३, ४, ५ असे आकडे लिहून बेरीज करायला सांगून शिकवतात.

ही बेरीज बरोबर का येते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. अ-मधून निघणाऱ्या रेषा दोन बाजू धरून सहा आहेत. त्या एकमेकींना फक्त अ-पाशी भेटतात. म्हणून इथल्या प्रत्येक त्रिकोणाचं एक टोक अ असणार, दोन बाजू या सहांपैकी कोणत्या तरी दोन रेषांवर असणार आणि तिसरी बाजू पायावर. म्हणजे सहातून दोन रेषा निवडल्या की एक त्रिकोण ठरला. पहिली रेषा सहा प्रकारे निवडता येते, दुसरी पाच प्रकारे. पण अप-अभ आणि अभ-अप ही एकच जोडी, म्हणून ३० चे निम्मे, १५.

अशा निवडीचं गणित आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त सहा रसांची मिश्रणं मोजली आहेत. दोन-दोन रस एकत्र करण्याचे प्रकार तिथेही १५ च.

आता अब-पासून अक-पर्यंत, पायाला समांतर अशी एक आडवी रेषा काढा. सहा रेषांची प्रत्येक जोडी आता दोन ठिकाणी बंद होते, आडव्या रेषेवर आणि पायावर. त्रिकोण झाले ३०. आडव्या रेषेखालचे तुकडे चौकोन आहेत, ते मोजायचे नाहीत. आडवी रेषा अब-वरून निघून अफ-पाशीच थांबली, तर तिला अब, अप, अफ या तीनच रेषा मिळतात. तीन रेषांच्या जोड्या ३, म्हणून एकूण १८. सरसकट दुप्पट करणारे इथेच फसतात.

खरी कसोटी पुढे आहे. तीच रेषा समांतर न काढता ब-मधून अक-वरच्या न या बिंदूपर्यंत तिरकी न्या. अनेक जण पुन्हा ३० म्हणतात. अ-चे टोक असलेले त्रिकोण ३० आहेतच: १५ बन-वर बंद होणारे आणि १५ पायावर. पण आता ज्यांना अ हे टोक नाही असेही त्रिकोण तयार झाले. बन आणि बक यांच्यामध्ये अप, अफ, अभ, अम आणि अक या प्रत्येक रेषेचा एक तुकडा अडकतो आणि ब-पाशी टोक असलेला एकेक त्रिकोण होतो. हे ५ धरून एकूण ३५.

उत्तराचा पडताळा रेषा मोजून घेता येतो. आकृतीत एकूण आठ रेषा आहेत, अ-मधल्या सहा, पाया आणि बन. आठातून तीन रेषा ५६ प्रकारे निवडता येतात. तिन्ही रेषा अ-मधूनच जात असतील तर त्रिकोण होत नाही, असे प्रकार २०. अब, बन आणि बक या तिन्ही ब-मध्ये भेटतात, तो १. उरले ३५.

समांतर रेषेच्या आकृतीतही रेषा आठच होत्या, तरी उत्तर ३० आलं. तिथे आडवी रेषा आणि पाया कधीच भेटत नाहीत. ही जोडी अ-मधल्या प्रत्येक रेषेबरोबर मिळून निवडीचे ६ प्रकार वाया घालवते, म्हणून ५६ मधून २० आणि ६ वजा होतात. आडवी रेषा किंचित कललेली असली, पण दोन्ही टोकं अब आणि अक यांच्या मधल्या भागावरच असली, तरी हे ६ वजाच करावे लागतात, कारण तिची आणि पायाची गाठ पडायची ती आकृतीच्या बाहेर.