मेणबत्तीवालीचं नाव काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू बसतात आणि प्रत्येक जण एकेक साहसवीर होतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे दुकानदार, वाटसरू, पहारेकरी, एकटा गेम मास्टर चालवतो. त्यानं सराईचा मालक आणि गावचा सरदार तयार ठेवलेला असतो, आणि खेळाडू नेमके समोरच्या मेणबत्तीच्या दुकानात शिरतात. “बाई, तुमचं नाव काय?” इथे तो अडखळला की सगळ्यांना कळतं, ही बाई कथेत नव्हती. मग तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही.

२०१७च्या ‘झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात नावांचे लांबलचक तक्ते आहेत. फासे टाकायचे आणि आकड्यापुढचं नाव उचलायचं. घरी तयारी करताना ते उत्तम. पण भर खेळात पानं उलटली की तेच गुपित फुटतं. म्हणून मला कोरी यादी अधिक भरवशाची वाटते. खेळाआधी एका कागदावर वीसेक नावं लिहायची, मात्र कुणाचं कोणतं हे ठरवायचं नाही.

यादी दोन रकान्यांची असावी. समजा, नदीकाठचं गाव आहे. गावकऱ्यांची नावं आखूड आणि जड: हेल्डा, ब्रान, टोरिक. दक्षिणेच्या बंदरावरून येणाऱ्या वाटसरूंची लांब, स्वरांत संपणारी: इलारिओ, सेविना, मारेलो. पुढे कुणी ‘पाओलिना’ असं नाव सांगितलं की ती परगावची, हे खेळाडू आपणहून ओळखतात. एका गावात एकाच अक्षराची दोन नावं नकोत. ब्रान आणि ब्रेक यांची तिसऱ्या बैठकीपर्यंत हमखास गल्लत होते.

तर मेणबत्तीवाली झाली हेल्डा. नाव उच्चारताच त्यावर काट मारायची आणि पुढे लिहायचं: ‘मेणबत्त्या, बोटांवर भाजल्याचे डाग, सरदारावर राग.’ एवढी टीप हवीच. महिन्याभरानं खेळाडू त्याच दुकानात परततात आणि हेल्डाची ‘ग्रेटा’ झाली, तर त्या गावावरचा विश्वास उडतो. नाव खेळाडूच चुकले आणि सगळे तिला ‘हिल्डा’ म्हणू लागले, तर कागदावर खुशाल हिल्डा करावं.

यादी संपतेच. घोड्याला पाणी पाजणाऱ्या पोराचंही नाव कुणीतरी विचारतं. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांच्या ग्रेहॉक जगातला ‘ड्रॉमिज’ हा जादूगार म्हणजे त्यांचे सहकारी जिम वॉर्ड, रोमन अक्षरं उलटी लावून. मराठीत असंच रमेशचं ‘शमेर’ होतं, मनालीचं ‘लीनाम’. विनायकचं मात्र ‘कयनावि’ होतं आणि जीभ अडते. म्हणून अशी दोन-तीन नावं आधीच मोठ्यानं म्हणून पाहावीत आणि कागदाच्या तळाशी टिपून ठेवावीत.